नफा ८०, तरी रोख ४५ ने कमी: कॅश फ्लो स्टेटमेंटचा ताळा बसत नसेल तर चूक कशी शोधायची

परीक्षा जवळ आली की ही तक्रार हमखास येते. "सगळी समायोजनं नियमाप्रमाणे केली, तिन्ही विभाग लिहिले, तरी शेवटची रोख ताळेबंदातल्या रोखीशी जुळत नाही." वही उघडून पाहावी तर पान खाडाखोडीनं भरलेलं असतं आणि तळाशी 'इतर समायोजन' या नावाखाली फरकाचा आकडा घुसडलेला असतो. तो घुसडला की ताळा बसतो खरा, पण तपासणाऱ्याची नजर सर्वांत आधी तिथेच जाते.

चूक बहुतेक वेळा बेरजेत नसते. विद्यार्थी चिन्हांचे नियम पाठ करतो, "चालू मालमत्ता वाढली की वजा, देणी वाढली की अधिक", पण त्या नियमांच्या मुळाशी असलेलं एकच समीकरण त्याच्या डोळ्यांसमोर नसतं. मग एखादं चिन्ह उलटं पडलं किंवा एखादा आकडा दोनदा मोजला गेला, तर ते लक्षात येण्याचा मार्गच उरत नाही. आपण एक बिघडलेलं उत्तर घेऊ आणि ते दुरुस्त करू. सगळे आकडे हजारांत आहेत.

एका कंपनीच्या वर्षभराच्या नफा-तोटा खात्यात विक्री १,२०० आहे. विकलेल्या मालाची किंमत ७८०, पगार व इतर खर्च २३०, घसारा ६० आणि कर्जावरचं व्याज २४. एक जुनं यंत्र विकून १० नफा झाला आहे. करपूर्व नफा ११६, कर ३६ आणि करोत्तर नफा ८०. दोन्ही तारखांचा ताळेबंद असा:

| बाब | सुरुवातीला | अखेरीस |
|---|---|---|
| रोख व बँक | ६० | १५ |
| येणी (ऋणको) | १८० | २६० |
| मालसाठा | १५० | १९० |
| यंत्रं, मूळ किंमत | ५०० | ६२० |
| वजा: साचलेला घसारा | १२० | १४० |
| एकूण मालमत्ता | ७७० | ९४५ |
| देणी (धनको) | ११० | १५० |
| द्यायचा कर | २० | २५ |
| कर्ज | २०० | २८० |
| भागभांडवल | २५० | २५० |
| राखून ठेवलेला नफा | १९० | २४० |
| एकूण देयता व भांडवल | ७७० | ९४५ |

सोबतची माहिती: विकलेल्या यंत्राची मूळ किंमत ७० होती, त्यावर ४० घसारा साचला होता आणि ते ४० ला रोखीनं विकलं. जुन्या कर्जापैकी ४० फेडले आणि १२० नवं कर्ज घेतलं. लाभांश ३० दिला. व्याज पूर्ण दिलं. अखेरच्या १५० देण्यांपैकी ३० नव्या यंत्राच्या पुरवठादाराचे आहेत, बाकीची देणी मालाची. हे शेवटचं वाक्य प्रश्नात नेहमी शेवटी, बारीक अक्षरात येतं आणि निम्मे विद्यार्थी ते वाचून सोडून देतात. त्याच्याकडे परत येऊ.

नफा ८० झाला आणि रोख ६० वरून १५ वर आली. या दोन आकड्यांमधलं १२५ चं अंतर भरून काढणं हेच या स्टेटमेंटचं काम आहे. नफा-तोटा खातं व्यवहार घडला की नोंद करतं, पैसे कधी आले-गेले ते पाहत नाही. १,२०० ची विक्री नफ्यात पूर्ण धरली, पण ग्राहकांकडची थकबाकी ८० ने वाढली, म्हणजे प्रत्यक्षात हाती १,१२० च आले. उलट यंत्राच्या खरेदीला मोठी रक्कम गेली आणि नफ्यात तिचा मागमूसही नाही. तिथे फक्त घसाऱ्याचा हप्ता दिसतो. कर्ज घेतलं, कर्ज फेडलं, लाभांश दिला, यातलं काहीच नफ्याला शिवत नाही, पण रोखीत सगळं उमटतं.

आता बिघडलेलं उत्तर पाहू. विद्यार्थ्यानं करपूर्व नफा ११६ घेतला, त्यात घसारा ६० आणि व्याज २४ मिळवून २०० काढले. येणी वाढली म्हणून ८० वजा केले, साठा वाढला म्हणून ४० मिळवले, देणी वाढली म्हणून ४० मिळवले. आले २००. त्यातून नफा-तोटा खात्यातला कर ३६ वजा करून ऑपरेटिंग विभागाची रोख १६४ दाखवली. इन्व्हेस्टिंग विभागात यंत्रखरेदी १२० आणि विक्रीचे ४०, म्हणून वजा ८०. फायनान्सिंग विभागात कर्जाची वाढ ८०, वजा व्याज २४, वजा लाभांश ३०, म्हणून अधिक २६. तिन्हींची बेरीज अधिक ११०. म्हणजे अखेरची रोख १७० यायला हवी, आणि ताळेबंद म्हणतो १५. फरक १५५.

इथे बहुतेक जण जुनी युक्ती वापरतात: फरकाला दोननं भागायचं आणि तेवढ्या रकमेची ओळ सापडली तर तिचं चिन्ह उलटं पडलं आहे असं समजायचं. युक्ती बरोबर आहे. ४० मिळवायच्या ऐवजी वजा झाले तर फरक ८० चाच पडतो. पण ती फक्त एकच चूक असताना लागू पडते. १५५ ला दोननं भागलं तर साडेसत्याहत्तर, आणि असा आकडा प्रश्नात कुठेच नाही. तेव्हा इथे एकापेक्षा जास्त चुका एकमेकींत मिसळलेल्या आहेत. अशा वेळी स्टेटमेंटकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी उपयोग नाही. ते बाजूला ठेवा आणि ताळेबंदाकडे परत जा.

ताळेबंदाच्या दोन्ही बाजू नेहमी सारख्या असतात. म्हणून रोखीतला बदल म्हणजे देयता व भांडवलातला एकूण बदल वजा रोख सोडून बाकीच्या मालमत्तेतला एकूण बदल. कच्च्या कागदावर प्रत्येक ओळीचा बदल तिच्या रोखीवरच्या परिणामासह मांडा. येणी वाढली, वजा ८०. साठा वाढला, वजा ४०. यंत्रं निव्वळ किमतीत ३८० वरून ४८० झाली, वजा १००. देणी अधिक ४०, कर अधिक ५, कर्ज अधिक ८०, राखून ठेवलेला नफा अधिक ५०. वजा २२० आणि अधिक १७५, म्हणजे वजा ४५. रोखीतला खरा बदल तेवढाच आहे. या सात आकड्यांना मी बदल-पट्टी म्हणतो. ताळेबंद जुळलेला असेल तर ही पट्टी जुळणारच, तिला कसलंही समायोजन लागत नाही.

"मालमत्ता वाढली की वजा" हा नियमही इथूनच येतो. एका बाजूला काही वाढलं आणि दुसरी बाजू जागची हलली नाही, तर रोख कमी झाल्याशिवाय दोन्ही बाजू सारख्या राहणार नाहीत. हे एकदा कळलं की चिन्ह पाठ करावं लागत नाही.

मग पट्टीच असताना स्टेटमेंट कशाला? कारण पट्टीतला एकेक आकडा अनेक व्यवहारांची गोळाबेरीज असतो. स्टेटमेंट तयार करणं म्हणजे ते आकडे फोडणं आणि तुकडे योग्य विभागात ठेवणं. फोडताना पाळायची अट एकच: तुकड्यांची बेरीज मूळ आकड्याइतकी आली पाहिजे. चूक शोधायची तीही याच अटीनं, एकेक ओळ घेऊन.

यंत्रांपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. वजा १०० या आकड्यात तीन घटना दडलेल्या आहेत: घसारा, खरेदी आणि विक्री. खरेदी किती ते प्रश्नात दिलेलं नाही, ते मूळ किमतीच्या खात्यातून काढावं लागतं. सुरुवातीला ५००, विकलेलं यंत्र ७० चं, म्हणून उरले ४३०, अखेरीस ६२०, तेव्हा खरेदी १९०. साचलेल्या घसाऱ्याचं खातंही ताडून पाहा: १२० अधिक वर्षाचा ६० वजा विकलेल्या यंत्राचा ४०, म्हणजे १४०. बरोबर. आता तुकडे: घसारा अधिक ६०, खरेदी वजा १९०, विकलेल्या यंत्राची पुस्तकी किंमत अधिक ३०. बेरीज वजा १००. विद्यार्थ्यानं ६२० मधून ५०० वजा करून खरेदी १२० धरली होती. त्याचे तुकडे ६०, वजा १२० आणि ३० मिळून वजा ३० होतात. वजा १०० हवे होते, म्हणजे ७० चुकले. ७० म्हणजे बरोबर विकलेल्या यंत्राची मूळ किंमत. खात्यातून बाहेर गेलेलं यंत्र त्याच्या हिशेबात अजून कारखान्यातच उभं आहे.

पुढे राखून ठेवलेला नफा, अधिक ५०. करपूर्व नफा ११६, कर वजा ३६, लाभांश वजा ३०, बेरीज ५०. छान. पण या ११६ मध्ये दोन परके तुकडे आहेत. यंत्रविक्रीचा नफा १० हा धंद्याच्या रोजच्या चक्रातला नाही, तो विक्रीच्या रकमेचा भाग आहे. म्हणून तो ऑपरेटिंग विभागातून वजा करून इन्व्हेस्टिंग विभागात न्यायचा. तिथे पुस्तकी किमतीचे ३० आधीच बसलेले आहेत, १० येऊन मिळाले की विक्रीचे पूर्ण ४० होतात. हे दहा एका घरातून निघून दुसऱ्या घरात गेले पाहिजेत. विद्यार्थ्यानं इन्व्हेस्टिंग विभागात पूर्ण ४० दाखवले, पण ऑपरेटिंग विभागातून १० काढलेच नाहीत. दहा दोन्ही घरांत जेवले. फरक अधिक १०.

व्याजाचंही तसंच. २४ ऑपरेटिंग विभागात परत मिळवायचे आणि फायनान्सिंग विभागात वजा करायचे. इथे त्यानं दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत, चूक नाही.

कराची ओळ दोन तुकड्यांची आहे, म्हणून फसवते. नफ्यातून आलेला वजा ३६ आणि पट्टीतला अधिक ५ मिळून वजा ३१, हा खरोखर भरलेला कर. खात्यातूनही तेवढाच येतो: सुरुवातीचे देणे २०, वर्षाचा कर ३६, अखेरचे देणे २५, भरले ३१. विद्यार्थ्यानं ३६ च घेतले, म्हणजे पट्टीतले ५ वापरलेच गेले नाहीत. फरक वजा ५. साठ्याची ओळ तर सरळ आहे. वजा ४० च्या जागी अधिक ४०, फरक अधिक ८०.

चारही मिळवा: ७० आणि १० आणि ८०, त्यातून ५ वजा. १५५. फरकाचा पैन् पै हिशेब लागला. चूक शोधताना इथपर्यंत आल्याशिवाय थांबू नका. १५० वर आलात आणि "पाचचाच तर फरक उरलाय" असं वाटलं, तर समजा की अजून एक चूक शिल्लक आहे. कदाचित त्या पाचमागे एकमेकींना खाणाऱ्या दोन मोठ्या चुकाही असतील.

या चारही चुका दुरुस्त केल्या तर ऑपरेटिंग विभाग असा होतो: ११६, अधिक घसारा ६०, अधिक व्याज २४, वजा यंत्रविक्रीचा नफा १०, म्हणजे १९०. वजा येणी ८०, वजा साठा ४०, अधिक देणी ४०, म्हणजे ११०. वजा कर ३१, उरले ७९. इन्व्हेस्टिंग वजा १९० अधिक ४०, म्हणजे वजा १५०. फायनान्सिंग अधिक २६. बेरीज वजा ४५. ताळा बसला. विद्यार्थी सुटकेचा नि:श्वास टाकून वही मिटतो.

वही मिटू नका, उत्तर अजून चुकलेलं आहे.

त्या बारीक अक्षरातल्या वाक्याकडे परत जा. अखेरच्या देण्यांतले ३० यंत्राच्या पुरवठादाराचे आहेत. म्हणजे १९० च्या यंत्रांपैकी १६० चेच पैसे दिले गेले. बाकीचे ३० उधार आहेत, ते या वर्षी कोणत्याच विभागात यायला नकोत. आणि मालाची देणी ११० वरून १५० नाही, १२० झाली, वाढ फक्त १० ची. वरच्या उत्तरात ऑपरेटिंग विभाग ३० ने फुगला आणि इन्व्हेस्टिंग विभागातला खर्चही ३० ने फुगला. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन गेल्या, म्हणून ताळा बसला.

बरोबर स्टेटमेंट हे:

| बाब | रक्कम |
|---|---|
| करपूर्व नफा | ११६ |
| घसारा | +६० |
| यंत्रविक्रीचा नफा | −१० |
| व्याजखर्च | +२४ |
| येण्यांतली वाढ | −८० |
| साठ्यातली वाढ | −४० |
| मालाच्या देण्यांतली वाढ | +१० |
| धंद्यातून निर्माण झालेली रोख | ८० |
| भरलेला कर | −३१ |
| ऑपरेटिंग विभाग | ४९ |
| यंत्रखरेदीसाठी दिलेले | −१६० |
| यंत्रविक्रीतून मिळालेले | +४० |
| इन्व्हेस्टिंग विभाग | −१२० |
| नवं कर्ज | +१२० |
| कर्जफेड | −४० |
| व्याज | −२४ |
| लाभांश | −३० |
| फायनान्सिंग विभाग | २६ |
| रोखीतला बदल | −४५ |

ऑपरेटिंग विभागात ७९ आणि ४९ यांतला फरक किरकोळ नाही. करोत्तर नफा ८० आहे. धंद्यातून ७९ रोख आली असं दिसलं तर वाचणारा म्हणेल, नफा जवळजवळ रोखीतच आहे, चिंता नको. खरी परिस्थिती अशी की नफ्यातले जेमतेम साठ टक्के रोखीत उतरले आणि बाकीचे ग्राहकांच्या थकबाकीत आणि साठ्यात अडकले. चुकीचा परिणाम पुढच्या वर्षीही सुटत नाही. ते ३० पुढच्या वर्षी दिले की देणी ३० ने घटतील. ती घट ऑपरेटिंग विभागात गेली तर यंत्राचा खर्च मालाच्या खर्चासारखा दिसेल. एका न वाचलेल्या वाक्यापायी दोन वर्षांचे विभाग बिघडतात आणि दोन्ही वर्षी ताळा मात्र बसलेला असतो.

म्हणून ताळा बसला की उत्तर बरोबर, असं मी धरत नाही. ताळा फक्त इतकंच सांगतो की सगळे तुकडे कुठे ना कुठे वापरले गेले. ते योग्य घरात गेले का, ते त्याला कळत नाही. अशी चूक पकडायला दुसरा मार्ग लागतो, आणि तो मार्ग म्हणजे धंद्यातली रोख थेट पद्धतीनं काढणं. परीक्षेत विचारलेली नसली तरी कच्च्या कागदावर ती दोन मिनिटांत होते.

ग्राहकांकडून आले: विक्री १,२०० वजा थकबाकीतली वाढ ८०, म्हणजे १,१२०. मालाची खरेदी: विकलेल्या मालाची किंमत ७८० अधिक साठ्यातली वाढ ४०, म्हणजे ८२०. त्यातली १० उधारी वाढली, म्हणून पुरवठादारांना दिले ८१०. पगार व इतर खर्च २३०. म्हणजे १,१२० वजा ८१० वजा २३०, उरले ८०. वरच्या तक्त्यातही 'धंद्यातून निर्माण झालेली रोख' ८० च आहे. विकलेल्या मालाच्या किमतीत घसारा मिसळलेला नाही आणि पगार-खर्चाची थकबाकी वेगळी नाही, म्हणून हे इतकं सरळ आलं. घसाऱ्याचा काही भाग उत्पादनखर्चात धरलेला असेल तर तो आधी बाहेर काढावा लागतो.

थेट पद्धतीत देण्यांचा आकडा लिहिताना "ही मालाची देणी आहेत ना?" हा प्रश्न आपोआप पडतो. पुरवठादाराला किती दिले ते काढताना यंत्राचा पुरवठादार मध्येच उभा राहतो आणि खटकतो. नफ्यापासून सुरू होणाऱ्या अप्रत्यक्ष पद्धतीत 'देण्यांतली वाढ ४०' ही ओळ इतकी निरुपद्रवी दिसते की कोणी थांबतच नाही.

आणखी एक गैरसमज या गणितात आपोआप गळून पडतो. "घसाऱ्यामुळे रोख वाढते" असं वाक्य अनेक उत्तरपत्रिकांत सापडतं. थेट पद्धतीच्या हिशेबात घसाऱ्याची ओळ कुठे आली? कुठेच नाही. रोख ग्राहकांकडून येते, घसाऱ्याकडून येत नाही. अप्रत्यक्ष पद्धतीत घसारा मिळवतो तो केवळ नफा काढताना वजा केला होता म्हणून, आधी केलेली वजाबाकी पुसण्यासाठी. या कंपनीनं घसारा ६० ऐवजी ९० धरला असता तर करपूर्व नफा ३० नं कमी झाला असता आणि मिळवायचा आकडा ३० नं वाढला असता. भरलेला कर तोच राहिला तर रोख जागची हलली नसती. घसाऱ्याचा रोखीशी संबंध येतो तो फक्त करातून, आणि तोही करकायदा मान्य करेल तेवढ्याच घसाऱ्याचा.

संशयित येण्यांच्या तरतुदीचंही असंच दुहेरी मोजमाप होतं. प्रश्नात येणी तरतूद वजा करून दिली असतील तर तरतुदीतला बदल त्या आकड्यात आधीच आलेला असतो, तो पुन्हा वेगळा मिळवायचा नाही. येणी ढोबळ आणि तरतूद वेगळी दिली असेल तर दोन्ही ओळी घ्यायच्या. पट्टी मांडताना ताळेबंदात जी ओळ जशी आहे तशीच उतरवली की हा घोळ होत नाही.

आता विभागांबद्दल एक सावधानी. वर व्याज मी फायनान्सिंगमध्ये ठेवलं. कोणी ते ऑपरेटिंगमध्ये ठेवलं तर ऑपरेटिंग विभाग ४९ वरून २५ वर येईल आणि फायनान्सिंग २६ वरून ५० वर जाईल. ताळा पुन्हा जसाच्या तसा. इथे कोण बरोबर ते मानकावर ठरतं. आयएएस ७ या आंतरराष्ट्रीय लेखामानकानं आजवर दिलेल्या व्याजासाठी ऑपरेटिंग किंवा फायनान्सिंग अशी निवड दिली होती, अट एवढीच की दर वर्षी तीच पद्धत ठेवायची. अमेरिकी नियमांत दिलेलं व्याज ऑपरेटिंगमध्ये जातं आणि दिलेला लाभांश फायनान्सिंगमध्ये. १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना आयएफआरएस १८ हे नवं आंतरराष्ट्रीय मानक लागू होतं. त्याच्यासोबत आयएएस ७ मधली ही निवड बहुतेक कंपन्यांसाठी संपते: दिलेलं व्याज आणि दिलेला लाभांश फायनान्सिंगमध्ये, मिळालेलं व्याज आणि लाभांश इन्व्हेस्टिंगमध्ये. अप्रत्यक्ष पद्धतीची सुरुवातही तेव्हा ऑपरेटिंग नफ्यापासून करायची. बँका आणि वित्तसंस्थांचं वेगळं आहे, कारण त्यांचा धंदाच व्याजाचा. तेव्हा दुसऱ्याचं उत्तर पाहून स्वतःचं खोडण्याआधी दोघांनी कोणतं मानक धरलं आहे ते विचारा. दोन वेगळ्या पाठ्यपुस्तकांतली उत्तरं न जुळण्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं.

कर्जाच्या ओळीबद्दलही सांगून टाकतो. ८० ची निव्वळ वाढ एका ओळीत लिहिली तरी विभागाची बेरीज तीच येते, पण नवं कर्ज १२० आणि फेड ४० वेगळी दाखवायला हवी. गोळाबेरजेची मुभा फार थोड्या व्यवहारांना आहे, जसे झटपट फिरणारे, मोठ्या रकमांचे आणि अल्प मुदतीचे. वर्षानुवर्षांचं मुदत कर्ज त्यात बसत नाही.

हे सगळं करूनही ताळा बसला नाही, पट्टी जुळते आणि प्रत्येक ओळीचे तुकडेही पुरे होतात, तर अडचण 'रोख' या शब्दाच्या अर्थात असते. स्टेटमेंट ज्या रोखीचा हिशेब देतं तीत रोख आणि रोखसमान गुंतवणूक दोन्ही येतात. ताळेबंदातली 'रोख व बँक' ही ओळ कधी त्याहून मोठी असते, कधी लहान. बारा महिन्यांची मुदतठेव बँकेच्या ओळीत बसवलेली असेल तर ती बाहेर काढा. घेतल्या तारखेपासून सहसा तीन महिने किंवा त्याहून कमी मुदतीचीच गुंतवणूक रोखसमान मानतात. मुदत वर्षअखेरीपासून मोजायची नाही, ही चूकही नेहमीची. बारा महिन्यांच्या ठेवीचे वर्षअखेरीस दोनच महिने उरले असले तरी ती रोखसमान होत नाही. ठेव बाहेर काढली की तिच्यातली वाढ-घट इन्व्हेस्टिंगमध्ये एक नवी ओळ म्हणून येते. उलट मागताक्षणी फेडायचा आणि रोजच्या व्यवहारात खात्याबरोबर खालीवर होणारा ओव्हरड्राफ्ट ताळेबंदात देयतेत असतो, पण आयएएस ७ प्रमाणे तो रोखीतून वजा करून धरता येतो. सुरुवातीच्या रोखीत तो वजा धरला आणि अखेरच्या रोखीत विसरला, तर फरक बरोबर अखेरच्या ओव्हरड्राफ्टइतकाच पडतो. असा फरक दिसला की स्टेटमेंटमधल्या ओळी चाळत बसू नका, तळाच्या दोन ओळींतच पाहा.